गाणी वाजतात, पण कथा आणि पुस्तकंच का अडतात? संगीताच्या ॲपमधली नेहमीची अडचण

संगीताच्या ॲपवर गाणी बिनबोभाट वाजतात आणि त्याच ॲपवर लावलेली कथा किंवा पुस्तक मात्र अडतं. कधी प्रकरणं उलटसुलट लागतात, कधी स्क्रीन बंद केली की आवाज थांबतो. कधी डाउनलोडचं बटणच दिसत नाही, तर कधी महिना अर्धा असतानाच ऐकण्याचा वेळ संपल्याची सूचना येते. यवतमाळ जिल्ह्यात माझं रिचार्ज आणि मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. रब्बीत रात्रीच्या लाइनीवर ओलीत करणारी आणि जागलीला जाणारी माणसं ही तक्रार फार आणतात. "गाने चालते ना भाऊ, मंग पुस्तकच काहून बंद पडते?" हा प्रश्न हिवाळ्यात जवळजवळ रोजचा आहे.

बहुतेक जण आधी टॉवरला दोष देतात, मग फोनला. मग कोणीतरी सांगतं म्हणून ॲप काढून पुन्हा टाकतात, आणि त्यात आधी डाउनलोड केलेलं होतं तेही जातं. म्हणून पहिली विनंती हीच, की ॲप काढू नका. दहातल्या आठ वेळा बिघाड कुठेच नसतो. तुम्ही जे ऐकताय ते ॲपच्या हिशेबात गाणं आहे, भागाभागाने येणारा पॉडकास्ट आहे की अख्ख्या पुस्तकाचं वाचन म्हणजे ऑडिओबुक, यावर सगळं ठरतं. तिन्हीत माणूस वाचूनच दाखवत असतो, आवाज तसाच असतो, चित्रही तसंच असतं. नियम मात्र तिन्हीचे वेगळे आहेत, आणि वाचन कोणत्या प्रकारात टाकायचं हे टाकणाऱ्याने ठरवलेलं असतं, आपण नाही.

आधी प्रकार ओळखा

आवाज सुरू असताना प्लेअर पूर्ण उघडा आणि खालची बटणं बघा. मागे-पुढे जाण्यासाठी गोल बाणात १५ सारखा सेकंदांचा आकडा असेल आणि वेग बदलायचं 1x असं बटण असेल, तर तो पॉडकास्ट किंवा ऑडिओबुक आहे. त्या जागी एकमेकांत गुंतलेले, क्रम उलटसुलट करणारे शफलचे बाण आणि पुन्हा वाजवण्याची खूण असेल, तर ॲप त्याला गाणं समजतंय. मग आत अडीच तासांची कादंबरी का असेना.

पॉडकास्ट आणि ऑडिओबुक यांतला फरक यादीच्या पानावर कळतो. पॉडकास्टच्या प्रत्येक भागापुढे तारीख असते आणि अर्धवट ऐकलेल्या भागाखाली किती मिनिटं उरली ते दिसतं. ऑडिओबुकच्या पानावर लेखक आणि वाचक अशी दोन नावं असतात, पुस्तकाची एकूण लांबी तासांत दिलेली असते आणि तारखेऐवजी प्रकरणांची यादी असते. त्यावर कुलूप, किंमत किंवा फक्त नमुना ऐकायची सोय दिसली, तर तुमच्या प्लॅनमध्ये ते पुस्तक धरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एवढं बघितलं की पुढचं बरंच आपोआप सुटतं, कारण अडचण कोणत्या प्रकारात कोणती येते हे ठरलेलं आहे. प्रकरणं उलटसुलट लागणं आणि डाउनलोड न होणं ही फुकट खात्यावरच्या 'गाणं' प्रकाराची अडचण. मधेच वेळ संपणं ही ऑडिओबुकची. पॉडकास्टला यातलं सहसा काहीच होत नाही.

कादंबरीचं पहिलं प्रकरण आणि लगेच नववं

नेर तालुक्यातल्या एका काकांचं उदाहरण पूर्ण सांगतो, कारण त्यात सगळ्या पायऱ्या आहेत. त्यांच्या हरभऱ्याला रात्री पाणी असतं. लाइन आली की मोटर सुरू करायची आणि मग बारी मोडेपर्यंत बसून राहायचं. तेवढा वेळ कानाला काही असावं म्हणून त्यांनी संगीताच्या एका फुकट ॲपवर मराठी कादंबरीचं वाचन शोधलं होतं. पहिलं प्रकरण नीट झालं, मग जाहिरात, मग एकदम नववं प्रकरण. मागचं लावायला गेले तर कुठलंतरी तिसरंच लागलं. काही वेळाने पुढे ढकलायचं बटणही चालेना.

मी प्लेअर उघडून बघितला तर खाली शफलची खूण होती, आणि वर अल्बम असा शब्द आणि वर्ष. म्हणजे ज्यांनी हे वाचन टाकलं त्यांनी ते गाण्यांच्या अल्बमसारखं टाकलं होतं आणि प्रत्येक प्रकरण म्हणजे एक गाणं झालं होतं. फुकट खात्यावर गाण्यांच्या बाबतीत कंपन्या बंधनं घालतात. हवं ते गाणं हव्या त्या क्रमाने लावता येईलच असं नाही, ठरावीक वेळेत ठरावीक वेळाच पुढे ढकलता येतं, आणि गाणी डाउनलोड करायला पैसे भरावे लागतात. ही बंधनं कमी-जास्त होत असतात, पण ती गाण्यांसाठी केलेली आहेत आणि गाण्यांना ती फारशी टोचत नाहीत. चार गाणी मागेपुढे झाली तर कोणाचं काय अडतं? कादंबरीचं मात्र सगळंच बिघडतं.

अल्बममध्ये आणखी एक गोची आहे. तीस मिनिटांचं प्रकरण वीस मिनिटं ऐकून थांबलात, मधे एखादं भजन लावलंत, तर परत आल्यावर ते प्रकरण पहिल्यापासून सुरू होतं. गाणं कुठपर्यंत ऐकलं हे ॲप लक्षात ठेवत नाही. पॉडकास्टचं आणि ऑडिओबुकचं ठेवतं.

म्हणून तेच वाचन किंवा त्याच वाचकाचं दुसरं काही पॉडकास्टमध्ये आहे का, ते शोधायचं. वाचकाच्या नावावर नुसतं बोट ठेवलं तर कलाकाराचं पान उघडतं आणि तिथे पुन्हा अल्बमच दिसतात. त्याऐवजी शोधाच्या खान्यात नाव टाकायचं आणि निकालांच्या वर जी आडवी पट्टी येते, ती बोटाने डावीकडे सरकवायची. स्पॉटिफायवर तिथे `Podcasts & Shows` असं लिहिलेलं असतं. ही पट्टी सरकते हेच पुष्कळांना माहीत नसतं, कारण समोर गाणी, अल्बम आणि कलाकार एवढीच नावं मावतात. मराठी नावं शोधताना एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजी अक्षरांत टाकून बघा. दोन्हीचे निकाल वेगळे येतात, कारण टाकणाऱ्याने ते ज्या लिपीत लिहिलं त्यावर शोध बराच अवलंबून असतो. 'कथा' हा शब्द 'katha' आणि 'kathaa' असा दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला सापडेल. नुसत्या पुस्तकाच्या नावापेक्षा वाचकाचं किंवा वाहिनीचं नाव टाकलेलं जास्त उपयोगी पडतं.

काकांच्या वाचकाचा पॉडकास्ट सापडला. पण त्यात वरचा भाग म्हणजे कादंबरीचा शेवट होता. पॉडकास्टच्या यादीत नवीन भाग वर असतो. बातम्यांना किंवा शेतीसल्ल्याला ते बरोबर आहे, पण क्रमाने चालणाऱ्या कथेला नाही. यादीच्या वर क्रम बदलायची सोय असते, तिथे जुन्याकडून नव्याकडे असं निवडायचं. ते केल्यावर पहिला भाग वर आला.

मग डाउनलोड. स्पॉटिफायवर फुकट खात्यालाही पॉडकास्टचे भाग डाउनलोड करता येतात, गाणी नाही. भागापुढच्या खाली जाणाऱ्या बाणावर बोट ठेवायचं आणि तो हिरवा होईपर्यंत थांबायचं. बाण फिरत असतानाच फोन खिशात घालून शेतात गेलात तर भाग अर्धाच उतरलेला राहतो. डेटा किती लागेल याची पुष्कळांना धास्ती असते, पण आवाजाला फार लागत नाही. ९६ केबीपीएस या साध्या दर्जाचा एक तास सुमारे ४३ एमबीत बसतो, म्हणजे रात्रीचे तीन तास १३० एमबीत. रोजच्या दीड जीबीत ते कुठल्या कुठे जातं. मात्र व्हिडिओ पॉडकास्ट असेल तर हा हिशेब लागू नाही. तो सुरू राहिला तर काही वेळातच पॅक उडतो, म्हणून सेटिंगमध्ये डेटा बचत चालू करून फक्त आवाज ठेवा.

शेवटी तपासणी, आणि ही मी दुकानातच करून घेतो. फोन विमान मोडवर टाकायचा, डाउनलोड केलेला भाग लावायचा, स्क्रीन बंद करायची आणि फोन काउंटरवर ठेवून थोडा वेळ दुसरं काम करायचं. आवाज चालू राहिला तर शेतातही चालेल. थांबला तर कारण इथेच कळतं, रात्री दोन वाजता धुऱ्यावर नाही.

विमान मोडवर सुरू होतं, पण थोड्या वेळाने थांबतं

भाग डाउनलोड केलेला आहे, सुरूही होतो, आणि स्क्रीन बंद झाल्यावर कधी पाच तर कधी पंधरा मिनिटांनी थांबतो. थांबण्याची वेळ दर वेळी वेगळी असेल आणि ॲप उघडल्यावर ते नव्याने सुरू झाल्यासारखं दिसत असेल, तर हे काम फोनच्या बॅटरी बचतीचं आहे. कमी रॅमच्या फोनमध्ये हे फार होतं. गाण्यांच्या वेळी ते जाणवत नाही, कारण गाणी बदलताना माणूस फोन हातात घेतच असतो. कथेला अर्धा-पाऊण तास कोणी हात लावत नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये ॲपची यादी उघडा, तुमचं ॲप निवडा आणि त्यातल्या बॅटरीत जा. तिथे `Unrestricted` किंवा `No restrictions` असं काही असेल ते निवडा. फोनच्या कंपनीनुसार शब्द बदलतो. चार्ज कमी झाल्यावर आपोआप चालू होणारी सगळ्या फोनची बचतही एकदा तपासा. रात्रीच्या कामाला निघताना ती चालू असेल तर वरची सगळी खटपट वाया जाते.

यूट्यूब म्युझिकवर स्क्रीन बंद केली की

इथे वेगळीच गंमत होते आणि तीही प्रकारामुळेच. यूट्यूब म्युझिकच्या फुकट खात्यावर गाणं लावून स्क्रीन बंद केली की आवाज थांबतो, कारण मागे चालू ठेवणं ही पैसे भरणाऱ्यांची सोय आहे. पॉडकास्टला मात्र ही अट नाही. फुकट खात्यावरही तो स्क्रीन बंद करून ऐकता येतो.

मग एकाच वाचकाची एक कथा स्क्रीन बंद असताना चालते आणि दुसरी थांबते, असं का? कारण यूट्यूबवर पॉडकास्ट होण्यासाठी वाहिनी चालवणाऱ्याने आपल्या प्लेलिस्टला पॉडकास्ट म्हणून खूण करावी लागते. ज्यांनी ती केली नाही, त्यांचं वाचन साधा व्हिडिओ म्हणूनच राहतं. कितीतरी चांगली मराठी वाचनं अशी पडून आहेत आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण खूण करायला वाहिनीवाल्याला फार काही करावं लागत नाही. तुमच्या आवडत्या वाहिनीचं असं असेल तर त्यांना कळवा. ऐकणाऱ्यांनी सांगितल्याशिवाय त्यांना हे कळायला मार्ग नाही, त्यांच्या स्वतःच्या फोनवर बहुधा पैसे भरलेलं खातं असतं.

'वेळ संपला' असं येतं तेव्हा

ही अडचण फक्त ऑडिओबुकची. स्पॉटिफायने ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात प्रीमियम प्लॅनमध्ये महिन्याला १५ तास ऑडिओबुक द्यायला सुरुवात केली, मग अमेरिका आणि पुढे आणखी देश आले. गाण्यांना प्रीमियममध्ये तासांची मर्यादा नाही, पुस्तकांना आहे. हे तास देशावर आणि प्लॅनवर अवलंबून आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी तुमच्या प्लॅनच्या वर्णनात ऑडिओबुकचा आणि तासांचा उल्लेख आहे का, ते वाचा. उल्लेख नसेल तर त्या पैशात गाणीच मिळतील.

माझी भाची ब्रिटनमध्ये परिचारिका आहे. तिने फोन केला, "मामा, पंधरा तास म्हणतात आणि माझे तर दहाच तासांत संपले." तिची सवय विचारली तेव्हा हिशेब लागला. ती बसमध्ये जाता-येता मिळून रोज चाळीस मिनिटं ऐकते आणि वेग दीडपट ठेवते. तास मोजले जातात ते घड्याळाचे नाही, पुस्तकाचे. दीडपट वेगाने चाळीस मिनिटं ऐकलं की पुस्तक एक तास पुढे सरकतं आणि खात्यातून एक तास जातो. असे पंधरा दिवस गेले की पंधरा तास संपले, आणि तिच्या घड्याळाने ते दहाच तास. वेग वाढवला म्हणून जास्त पुस्तक मिळत नाही. तेवढंच पुस्तक लवकर संपतं.

आणखी तीन गोष्टी यात लोकांना चकवतात. एकच प्रकरण पुन्हा ऐकलं तर ते पुन्हा मोजलं जातं. ऐकता ऐकता झोप लागली आणि पुस्तक चालू राहिलं, तर तेही तास जातात, म्हणून झोपताना टायमर लावायचा. आणि पुस्तक डाउनलोड करून नेट बंद ठेवून ऐकलं म्हणून तास वाचत नाहीत, तेही हिशेबात धरले जातात. या महिन्यात उरलेले तास पुढच्या महिन्यात जोडले जात नाहीत. नवे तास महिन्याच्या एक तारखेला नाही, तर पैसे कापले जातात त्या तारखेला येतात. भाचीची ती तारीख २२ होती आणि ती एक तारखेची वाट बघत होती. त्याआधी ऐकायचं असेल तर जादा तास विकत घेता येतात.

फॅमिली प्लॅनमध्ये हे तास प्लॅन चालवणाऱ्याच्या खात्यालाच येतात. घरातल्या बाकीच्यांची गाणी चालतात, पुस्तकांवर कुलूप दिसतं. त्यांच्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात. लेकाने प्लॅन जोडून दिला आणि आईच्या फोनवर पुस्तक उघडत नाही, यामागे हेच असू शकतं. आईच्या फोनमध्ये शोधाशोध करून काही हाती लागणार नाही.

तास संपल्यावर पॉडकास्ट बंद होत नाहीत, गाणीही नाहीत. हे ध्यानात आलं की नेटवर्क गेलं की वेळ संपला, हे लगेच ओळखता येतं. डाउनलोड न केलेला कुठलाही पॉडकास्ट लावून बघा, तो वाजला तर नेटवर्क ठीक आहे.

पैसे भरले तरी पॉडकास्टमध्ये जाहिराती

याचं उत्तर थोडक्यात. प्रीमियममुळे गाण्यांच्या मधल्या जाहिराती जातात. पॉडकास्टमध्ये बोलणारा माणूस स्वतःच जी जाहिरात वाचतो, ती त्या भागातच भरलेली असते, त्यामुळे ती राहते. पंधरा सेकंद पुढे जायचं बटण दोन-तीनदा दाबणं एवढंच हातात आहे. त्यासाठी पैसे परत मागायला गेलात तर वेळ जाईल.

काल होतं, आज करडं दिसतं

जतन केलेली कथा यादीत करडी झाली आणि उघडत नाही, तर बहुतेक वेळा ती टाकणाऱ्याने काढली आहे किंवा हक्कावरून काढली गेली आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकाचे हक्क त्याच्या वारसांकडे किंवा प्रकाशकाकडे असतात. गाजलेल्या मराठी कादंबऱ्या परवानगीशिवाय वाचून टाकलेल्या पुष्कळ सापडतात, आणि त्या अशाच एक दिवस नाहीशा होतात. डाउनलोड केलेली प्रतही नेट लागलं की निघून जाऊ शकते. ज्या पॉडकास्टच्या माहितीत लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे, किंवा जिथे लेखक स्वतः वाचतोय, ते टिकतं. नवीन मराठी पुस्तकं पूर्ण आणि रीतसर ऐकायची असतील तर स्टोरीटेलसारखं फक्त पुस्तकांचं ॲप वेगळं घेणं सोयीचं पडतं.

आणि ज्यांना फक्त पॉडकास्टच ऐकायचे आहेत, त्यांना मी संगीताचं ॲप सोडून अँटेनापॉड घ्यायला सांगतो. ते अँड्रॉइडवर फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही आणि डाउनलोडवर बंधन नाही. बहुतेक पॉडकास्ट खुल्या फीडवर, म्हणजे कुठल्याही ॲपला उचलता येईल अशा यादीवर असतात, त्यामुळे तेच भाग तिथेही मिळतात. एखादा पॉडकास्ट कोणी एकाच ॲपसाठी बांधून ठेवला असेल तर तो तेवढा मिळणार नाही.

महिनाभर शेतातच मुक्काम असेल तर

हंगामात कितीतरी लोक वाडीवर राहायला जातात, जिथे नेटवर्क येत नाही. स्पॉटिफाय प्रीमियमवर डाउनलोड केलेलं सगळं ऐकत राहायचं असेल तर फोन ३० दिवसांतून एकदा तरी नेटवर आणावा लागतो, नाहीतर डाउनलोड बंद होतात. यूट्यूब म्युझिकच्या पैसे भरलेल्या खात्यालाही तशीच ३० दिवसांची अट आहे. फोन नुसता नेटच्या जागी नेऊन भागत नाही. तालुक्याला बाजाराला आलात की ॲप उघडा, मिनिटभर उघडं राहू द्या, आणि डाउनलोडच्या यादीत बाण हिरवे आहेत हे बघूनच परत निघा.